लोगोवर अडकलेला आयफोन: Update की Restore?

आयफोन सुरू होताना अडकतो तेव्हा पडद्यावर साधारण दोनपैकी एक चित्र दिसते. पहिल्यात ॲपलचा लोगो येतो आणि त्यापुढे काहीच घडत नाही. कधी लोगो येतो, पडदा काळा होतो, पुन्हा लोगो येतो, आणि हे चक्र तासन्‌तास चालते. दुसऱ्यात लोगोही नसतो. काळ्या पडद्यावर केबलचे टोक आणि तिच्या वर संगणकाची आकृती दिसते. जुन्या आवृत्त्यांमध्ये संगणकाच्या जागी आयट्यून्सचे गोल चिन्ह असे. हे दुसरे चित्र पाहून बहुतेकांना वाटते की फोनमधले सगळे गेले. प्रत्यक्षात त्या क्षणापर्यंत काहीही पुसले गेलेले नसते. फोटो, गप्पा, नोंदी जिथे होत्या तिथेच असतात. त्या राहतील की जातील हे पुढे संगणकाच्या पडद्यावर कोणते बटण दाबले जाते यावर ठरते.

ही दोन चित्रे वेगळी का, हे समजायला फोन सुरू कसा होतो ते पाहावे लागते. प्रोसेसरच्या चिपमध्ये कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो कुणालाही बदलता येत नाही. बटण दाबले की आधी तो जागा होतो आणि पुढच्या प्रोग्रॅमवर ॲपलची डिजिटल सही आहे ना, हे तपासतो. या पुढच्या प्रोग्रॅमचे नाव आयबूट. आयबूट लोगो दाखवतो, आयओएसचा गाभा शोधतो, त्याची सही तपासतो आणि सूत्रे त्याच्या हाती देतो. मग गाभा उरलेली यंत्रणा उभी करतो, वापरणाऱ्याची माहिती असलेला भाग जोडतो आणि शेवटी पासकोड विचारणारा पडदा येतो.

आयबूटला गाभा सापडला नाही किंवा त्याची सही जुळली नाही, तर तो तिथेच थांबतो आणि केबलचे चित्र दाखवतो. हाच रिकव्हरी मोड. गाभा सुरू झाला पण पुढे कुठेतरी अडखळला, तर फोन लोगोवर गोठतो किंवा पुन्हा पुन्हा सुरू होत राहतो. म्हणून केबलचे चित्र आपोआप आले असेल तर आयओएसचाच एखादा तुकडा अर्धवट राहिल्याचा संशय आधी घ्यावा. अपडेट चालू असताना चार्ज संपणे हे त्याचे नेहमीचे कारण. लोगोच्या चक्रामागची कारणे मात्र अनेक असतात: भरलेली साठवण, अर्धवट अपडेट, बॅटरी, किंवा फोन पडल्यामुळे अथवा ओला झाल्यामुळे बिघडलेला एखादा भाग.

केबलच्या चित्राशी नेहमी गल्लत होते असा आणखी एक पडदा आहे. पासकोड अनेकदा चुकला की फोन बंद झाल्याचा संदेश येतो, आणि जुन्या आयओएसमध्ये त्याखाली आयट्यून्सला जोडण्याची सूचना असे. तो बिघाड नव्हे, कुलूप आहे. पासकोड खरोखरच विसरला असेल तर त्या फोनमधली माहिती वाचवण्याचा मार्ग नसतो, फोन पुसावाच लागतो. या लेखातला विषय त्याहून वेगळा आहे. इथे पासकोड माहीत आहे, पण फोन तो विचारण्यापर्यंत पोचत नाही.

सगळ्यात आधी करायची गोष्ट संगणकाशिवाय होते. फोन तासभर चार्जिंगला लावावा आणि मग जबरदस्तीने पुन्हा सुरू करावा. आयफोन ८ आणि त्यानंतरच्या सर्व फोनवर आवाज वाढवण्याचे बटण दाबून लगेच सोडायचे, आवाज कमी करण्याचे बटण दाबून लगेच सोडायचे, आणि मग बाजूचे बटण दाबून धरायचे. पडदा काळा होऊन लोगो पुन्हा उमटला की बोट उचलायचे. आयफोन ७ वर आवाज कमी करण्याचे आणि बाजूचे बटण एकत्र धरावे लागते. त्याआधीच्या फोनवर होम आणि वरचे किंवा बाजूचे बटण. यात माहितीला धोका नसतो. लोगोखाली प्रगतीची पट्टी दिसत असेल तर मात्र घाई करू नये. अपडेटनंतर ती पट्टी बराच वेळ एकाच जागी थांबल्यासारखी दिसू शकते. तासभराहून अधिक काळ ती अजिबात हलली नाही, तरच पुढचे पाऊल उचलावे.

पुढचे पाऊल म्हणजे संगणक. मॅकवर २०१९ सालच्या कॅटलिनापासून हे काम फाइंडरमध्ये होते, त्याआधीच्या मॅकवर आयट्यून्समध्ये. विंडोजवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मिळणारे ॲपल डिव्हायसेस हे ॲप किंवा आयट्यून्स लागते. फोन केबलने जोडून वर सांगितलेलाच बटणांचा क्रम करायचा, फक्त शेवटी लोगो दिसल्यावर बोट उचलायचे नाही. बाजूचे बटण तसेच धरून ठेवले की लोगो जातो आणि केबलचे चित्र येते. हौशी माणूस नेमका इथेच चुकतो. लोगो दिसताच हात सैल होतो, फोन पुन्हा त्याच चक्रात शिरतो आणि रिकव्हरी मोड लागतच नाही असे वाटते. चुकून रिकव्हरी मोडमध्ये गेलेला फोन बाहेर काढायचा असेल तर त्याच बटणांनी तो पुन्हा सुरू करता येतो. त्या पडद्यावर जाणे आणि तिथून परत येणे, दोन्ही निरुपद्रवी आहे.

फोन ओळखला गेला की संगणकावर हा संदेश येतो:

```
There is a problem with the iPhone "iPhone" that
requires it to be updated or restored.
```

त्याखाली Update आणि Restore अशी दोन बटणे असतात. दोन्हींची सुरुवात सारखीच आहे. संगणक ॲपलकडून आयओएसची ताजी आवृत्ती उतरवून घेतो आणि ती या फोनवर घालण्याची परवानगी ॲपलच्या सर्व्हरकडून मिळवतो. फरक त्यानंतर पडतो, आणि तो फोनच्या साठवणीच्या रचनेत दडलेला आहे. साठवणीचे दोन भाग असतात. एकात आयओएस असते. रोजच्या वापरात या भागात काहीही लिहिता येत नाही. दुसऱ्यात वापरणाऱ्याचे सगळे असते: फोटो, संदेश, ॲप्स आणि त्यांची माहिती. Update पहिला भाग नव्याने घालते आणि दुसऱ्याला हात लावत नाही. Restore दोन्ही भाग पुसून फोन दुकानातून आणलेल्या अवस्थेत नेते.

पुसणे या शब्दाचा इथला अर्थ नीट लक्षात घ्यावा लागतो. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डातून पुसलेले फोटो अनेकदा परत काढता येतात, कारण तिथे फक्त यादी जाते आणि फोटो काही काळ मागे राहतात. आयफोनमध्ये माहिती मुळातच कुलूपबंद लिहिली जाते. तिच्या किल्ल्यांची एक मुख्य किल्ली साठवणीच्या एका खास कोपऱ्यात असते, आणि Restore ती किल्लीच नष्ट करते. हे क्षणात होते. मागे राहतात ते अर्थहीन आकडे. ती माहिती नंतर कोणतेही सॉफ्टवेअर, कोणताही दुरुस्तीवाला किंवा खुद्द ॲपल परत आणू शकत नाही. Restore झालेल्या फोनमधून फोटो काढून देतो असे कुणी म्हणत असेल, तर तो बॅकअपमधून काढणार असतो किंवा पैसे घेऊन निराश करणार असतो.

या कुलपाची दुसरी बाजूही आहे. त्याची किल्ली त्या विशिष्ट प्रोसेसरमध्ये कोरलेल्या आकड्याशी आणि पासकोडशी बांधलेली असते. म्हणून साठवणीची चिप काढून दुसऱ्या फोनवर बसवली तरी काही वाचता येत नाही. रिकव्हरी मोडमध्ये असताना बॅकअप घेता येत नाही, त्याचेही मूळ इथेच आहे. तेव्हा आयओएस चाललेलेच नसते, पासकोड दिलेला नसतो, माहितीचा भाग बंद असतो. आधी बॅकअप घेऊ आणि मग दुरुस्त करू, हा मार्ग अडकलेल्या फोनला उपलब्ध नाही. आधी फोन सुरू व्हावा लागतो.

एक नेहमीचे उदाहरण पाहू. ६४ जीबीचा आयफोन ११, चार-पाच वर्षे वापरलेला. साठवण भरल्याची सूचना कित्येक महिने येत होती आणि जेमतेम तीनचारशे एमबी मोकळे होते. लग्नात लांबलचक व्हिडिओ काढले गेले, रात्री फोन बंद पडला आणि सकाळपासून लोगोचे चक्र सुरू झाले. आयओएसला सुरू होताना तात्पुरत्या फायली लिहायला आणि आपल्या नोंदी अद्ययावत करायला थोडी मोकळी जागा लागते. ती मिळाली नाही तर एखादी आवश्यक सेवा उभी राहत नाही, यंत्रणा ते ओळखते आणि फोन पुन्हा सुरू करते. जागा तर तेवढीच राहते, म्हणून पुन्हा तेच होते. इथे फोनचा एकही भाग तुटलेला नाही, फोटोही शाबूत आहेत.

या घरात आयक्लाउडची मोफत मिळणारी ५ जीबी जागा केव्हाच भरली होती, त्यामुळे रात्री आपोआप होणारा बॅकअप थांबला होता. शेवटचा पूर्ण बॅकअप गणपतीच्या सुटीत लॅपटॉपवर घेतलेला आणि आता मे महिना. म्हणजे Restore दाबले तर आठ महिन्यांचे फोटो आणि परवाच्या लग्नाचे व्हिडिओ कायमचे जाणार. अशा वेळी Update हाच पहिला आणि, तो फसला तरी, दुसरा प्रयत्नही असायला हवा.

Update दाबल्यावर फाइल उतरू लागते. अलीकडच्या आयओएसची ही फाइल कित्येक जीबींची असते. इथे ८ जीबी धरू. घरचे इंटरनेट ४० एमबीपीएसचे असेल तर ८ जीबी उतरायला सुमारे २७ मिनिटे लागतात. फोन मात्र रिकव्हरीच्या पडद्यावर साधारण १५ मिनिटेच थांबतो, मग आपोआप बाहेर पडून पुन्हा लोगोच्या चक्रात जातो. हे पाहून प्रयत्न फसला असे समजून लोक केबल काढतात आणि दुरुस्तीच्या दुकानाची वाट धरतात. खरे तर डाउनलोड संगणकावर चालूच असते. ते पूर्ण होऊ द्यावे, मग फोन पुन्हा रिकव्हरी मोडमध्ये न्यावा आणि पुन्हा Update निवडावे. या वेळी फाइल तयार असल्याने काम लगेच सुरू होते. ती फाइल आणि ती उघडण्यासाठी लागणारी जागा संगणकावरही मोकळी हवी, हे आधीच पाहून ठेवावे.

Update यशस्वी झाले तर फोन लोगो आणि पट्टी दाखवत बराच वेळ घेतो आणि शेवटी पासकोड विचारतो. फोन उघडल्यावर तो पुन्हा अडकण्याआधी दोन कामे उरकायची असतात. आधी दोन-चार मोठी ॲप्स किंवा उतरवलेले चित्रपट काढून जागा करायची, मग त्याच केबलने संगणकावर पूर्ण बॅकअप घ्यायचा.

भरलेल्या फोनवर Update अर्ध्यावर थांबून एरर 14 किंवा 1110 दाखवते, असा अनुभव अनेकांना येतो. या आकड्यांमागे खराब केबलसारखी इतर कारणेही असू शकतात. म्हणून दुसरी केबल, हब न वापरता थेट संगणकाचा पोर्ट, आणि शक्य असेल तर दुसरा संगणक, एवढे करून पाहावे. तरीही तेच झाले तर थांबावे. संदेशात Restore चे बटण समोर असते आणि थकलेला माणूस ते दाबतो. नुकसान होते ते याच क्षणी. न पुसलेला फोन कपाटात महिनाभर पडून राहिला तरी आतल्या फोटोंना काही होत नाही. आयओएसची पुढची आवृत्ती आली की तिच्यासह Update पुन्हा करून पाहता येते. फोटो मोलाचे असतील आणि दुसरा फोन वापरता येत असेल, तर वाट पाहणे हा खरा पर्याय आहे. बाजारात माहिती न गमावता फोन दुरुस्त करण्याचे दावे करणारी विकतची सॉफ्टवेअर्स मिळतात. माहितीवरचे कुलूप त्यांना उघडता येत नाही, त्यामुळे भरलेल्या साठवणीतून एखादी फाइल काढून जागा करणे त्यांच्याही हाताबाहेरचे असते. Update दोनदा फसल्यावर त्यावर पैसे घालण्यात फारसा अर्थ नाही.

बिघाड यंत्राचा असेल तर लक्षणे वेगळी दिसतात. फोन नुकताच पडलेला किंवा भिजलेला असतो, किंवा पडदा वा बॅटरी बदलल्यापासून त्रास सुरू झालेला असतो. Update दर वेळी साधारण त्याच टप्प्यावर तुटते आणि 9, 4005, 4013 किंवा 4014 यांपैकी एखादा एरर येतो. या एररमध्ये काम चालू असताना फोन आणि संगणक यांचा संपर्क तुटलेला असतो. केबल आणि संगणक बदलूनही तो तुटत असेल तर दोष फोनच्या आत असण्याची शक्यता वाढते. अशा फोनवर Restore करणे हा सर्वांत वाईट निर्णय. मुख्य किल्ली सुरुवातीलाच नष्ट होते, काम मध्येच तुटते, आणि हाती राहतो तो रिकामा आणि तरीही बंद फोन. इथे माहिती वाचवण्याचा नेहमीचा मार्ग असा: तोच मूळ बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली दुरुस्त करून एकदा तरी सुरू करणे. बोर्ड बदलून दिला तर फोन चालेल, पण जुन्या बोर्डाबरोबर माहिती जाईल. अधिकृत सेवा केंद्रात फोन दुरुस्त होतो किंवा बदलून मिळतो. आतली माहिती काढून देणे हे त्यांचे काम नसते. म्हणून फोन सोपवण्याआधी कोणते काम हवे आहे आणि पुसायला परवानगी आहे की नाही, हे कागदावर लिहून द्यावे.

Restore टळणार नसेल तर आधी काय वाचलेले आहे ते मोजून घ्यावे. मॅकवर फाइंडरमध्ये Manage Backups उघडले की त्या संगणकावरच्या बॅकअपच्या तारखा दिसतात. दुसऱ्या कोणत्याही संगणकावरून icloud.com वर लॉग इन केले की आयक्लाउडमध्ये चढलेले फोटो, संपर्क आणि नोंदी पाहता येतात, आणि शेवटचा फोटो कोणत्या दिवसाचा आहे हे कळते. तिथे शिरताना पडताळणीचा कोड मागितला जातो. तो अडकलेल्या फोनवर येऊन उपयोग नाही, म्हणून सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालावे आणि कोड एसएमएसने मागवावा.

आयक्लाउडमध्ये काय आहे याबद्दल गैरसमज फार असतात. फोटोंचे सिंक चालू असेल तर ते आयक्लाउडच्या बॅकअपमध्ये वेगळे नसतात, ते आयक्लाउड फोटोज्‌मध्येच असतात. सिंक बंद असेल तर ते फक्त बॅकअपमध्ये सापडतील, तेही शेवटच्या बॅकअपच्या तारखेपर्यंतचे. आपोआप होणारा बॅकअप साधारणपणे फोन चार्जिंगला, वाय-फायवर आणि लॉक असताना होतो, आणि जागा संपली की थांबतो. व्हॉट्सॲपचा स्वतःचा बॅकअप वेगळा असतो, त्याची तारीखही वेगळी असू शकते. जे फक्त याच फोनवर होते ते जाते: On My iPhone मध्ये ठेवलेल्या फायली आणि नोंदी, सिंक न होणाऱ्या ऑथेंटिकेटर ॲपमधले कोड, बॅकअपनंतर काढलेले सगळे. यूपीआय आणि बँकेची ॲप्स परत घालता येतात, पण त्यांची नोंदणी फोनशी बांधलेली असल्यामुळे सिमवरून एसएमएस पाठवून ती नव्याने करावी लागते. खात्यातल्या पैशांना त्याने काही होत नाही.

संगणकावरच्या बॅकअपचे दोन प्रकार असतात आणि त्यांतला फरक मोठा आहे. साध्या बॅकअपमध्ये साठवलेले पासवर्ड आणि आरोग्याच्या नोंदी येत नाहीत. पासवर्ड लावून घेतलेल्या बॅकअपमध्ये त्या दोन्ही येतात, वाय-फायच्या जोडण्याही येतात. मात्र त्या बॅकअपचा पासवर्ड विसरला तर तो उघडत नाही.

Restore पूर्ण झाल्यावर फोन नव्यासारखा सुरू होतो आणि सर्वप्रथम, Find My चालू होते तर, आधीच्या मालकाचे ॲपल खाते आणि पासवर्ड मागतो. २०१३ च्या आयओएस ७ पासून हे कुलूप आहे, आणि फोन पुसल्याने ते निघत नाही. वडिलांचा किंवा सेकंडहँड घेतलेला फोन असेल तर हा पासवर्ड Restore दाबण्याआधीच हाताशी हवा. त्यानंतर बॅकअप निवडायचा पडदा येतो. बॅकअप नव्या आयओएसवर घेतलेला आणि फोनवर जुने आयओएस असेल, तर फोन आधी अद्ययावत करावा लागतो. आयक्लाउडमधून परत आणताना फोन तासाभरात वापरण्याजोगा होतो, पण फोटो आणि ॲप्स पुढे कित्येक तास, कधी दोन-तीन दिवस, मागून उतरत राहतात. त्या काळात फोटोंच्या जागी करड्या चौकटी दिसल्या तर ते हरवलेले नसतात. फोन वाय-फाय आणि चार्जरवर ठेवला की त्या भरत जातात.